फॉर्म्युलेशन आर अँड डी मधून बाहेर पडताय? लॅबबाहेरच्या मॅनेजरला कळेल असं प्रोफाइल कसं लिहायचं

हा लेख त्यांच्यासाठी आहे जे एम.फार्म किंवा पीएचडी करून फार्मा कंपनीच्या आर अँड डी मध्ये चार-सहा वर्षं काम करतायत, नवी मुंबई, संभाजीनगर, वेर्णा, हैदराबाद कुठेही, आणि आता प्रोजेक्ट मॅनेजमेंट, रेग्युलेटरी, बिझनेस डेव्हलपमेंट किंवा कन्सल्टिंगकडे जायचंय. मी स्वतः फॉर्म्युलेशनमधून प्रोजेक्ट मॅनेजमेंटला आले आणि आता टीमसाठी माणसं निवडताना प्रोफाइल वाचते, आणि मला मनापासून वाईट वाटतं की खूप चांगलं काम केलेली मुलं पहिल्या चाळणीतच बाहेर पडतात, कारण त्यांचं प्रोफाइल मेथडने भरलेलं असतं आणि त्या मेथडने पुढे काय झालं हे कुठेच नसतं.

प्रोफाइल तुम्ही इंग्रजीतच लिहिणार, पण मी इथे सगळी उदाहरणं मराठीतच देतेय. आधी मराठीत सरळ सांगता आलं की इंग्रजीत आपोआप सोपं उतरतं, उलट केलं की रिपोर्टची भाषा घुसते.

पायरी १ : वाचणारे दोघं असतात हे धरून चला

पहिला वाचणारा म्हणजे एचआर किंवा रिक्रूटर. तो नोकरीच्या जाहिरातीतले शब्द टाकून सर्च करतो आणि ते शब्द तुमच्याकडे नसतील तर तुम्ही त्याला दिसतच नाही. दुसरा म्हणजे हायरिंग मॅनेजर, तो वाचतो, पण तो एमबीए असेल, सीए असेल, किंवा फार्मा मधलाच पण मार्केटिंगचा असेल. डिसोल्यूशन, एचपीएलसी, डीओई हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात पण त्यात चांगलं काय आणि साधारण काय हे त्याला ठरवता येत नाही.

म्हणून लॅबचे शब्द काढून टाकू नका, त्यांची जागा बदला. एचपीएलसी, क्यूबीडी, डीओई, स्टॅबिलिटी, सीटीडी मॉड्यूल ३ वगैरे सगळं स्किल्सच्या रकान्यात जाऊ द्या, तिथे ते सर्चला सापडतं. अबाउट आणि एक्सपीरियन्स मात्र दुसऱ्या वाचणाऱ्यासाठी ठेवा. बरेच जण नेमकं उलटं करतात, स्किल्समध्ये टीमवर्क आणि लीडरशिप लिहितात आणि एक्सपीरियन्समध्ये इन्स्ट्रुमेंटची यादी.

पायरी २ : प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा, "माझ्या रिझल्टमुळे कोणी काय ठरवलं?"

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून एक केस पूर्ण घेते. केस मी बनवलेली आहे, पण अशा केसेस जेनेरिक कंपनीत नेहमी होतात.

समजा एक फॉर्म्युलेशन सायंटिस्ट आहे, संभाजीनगरच्या आर अँड डी सेंटरमधली. डायबेटिसच्या एका एक्स्टेंडेड रिलीज गोळीचं जेनेरिक तिच्याकडे होतं, अमेरिकन मार्केटसाठी. म्हणजे दिवसातून एकदा घ्यायची गोळी, जी औषध हळूहळू सोडते. तिच्या प्रोफाइलवर ही ओळ होती :

"एचपीएमसी मॅट्रिक्स बेस्ड ईआर टॅब्लेटचं क्यूबीडी अप्रोचने डेव्हलपमेंट, एफ२ ५० च्या वर, पायलट बीई नंतर रिलीज प्रोफाइल ऑप्टिमायझेशन, पिव्होटल बीई पास, एक्झिबिट बॅच एक्झिक्युशन."

एक शब्द चुकीचा नाही. पण बाहेरच्या माणसाला यातून एवढंच कळतं की बाई कसल्या तरी गोळ्या बनवते.

आता यामागे खरं काय झालं ते बघू. जेनेरिकला मंजुरी हवी तर हे दाखवावं लागतं की आपली गोळी घेतल्यावर रक्तात औषध मूळ ब्रँडइतकंच आणि त्याच वेगाने जातं. यासाठी निरोगी व्हॉलंटियरना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देऊन रक्ताचे नमुने घेतात आणि दोन आकडे काढतात, रक्तातली सर्वात जास्त पातळी आणि एकूण किती औषध गेलं. आपली गोळी भागिले ब्रँड, असं गुणोत्तर काढलं की त्याचा ९०% कॉन्फिडन्स इंटरव्हल पूर्णपणे ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. सरासरी आत आहे पण इंटरव्हलचं एक टोक बाहेर, तरी नापास.

तिच्या पायलट स्टडीत एकूण औषध बरोबर होतं, पण सर्वात जास्त पातळीचं गुणोत्तर ११८ आलं आणि इंटरव्हल १०९ ते १२८. म्हणजे गोळी सुरुवातीला औषध जरा घाईने सोडत होती. आणि लॅबमध्ये मात्र एफ२ ५० च्या वर होता, म्हणजे ब्रँडसारखाच डिसोल्यूशन दिसत होता, त्यामुळे टीममधल्या काहींचं म्हणणं होतं की पायलटमध्ये माणसं कमी असतात, जास्त व्हॉलंटियर घेतले की इंटरव्हल अरुंद होईल आणि आत बसेल. तिने रक्तातला डेटा आणि डिसोल्यूशनचा डेटा शेजारी ठेवून दाखवलं की फरक पहिल्या एक-दोन तासातच आहे आणि जी डिसोल्यूशन मेथड वापरतोय ती हा फरक पकडतच नाही. मग फरक पकडणारी मेथड शोधली, पॉलिमरचं प्रमाण बदललं, पहिल्या तासात सुटणारं औषध कमी केलं. पिव्होटल स्टडी, उपाशी पोटी आणि जेवणानंतर अशा दोन्ही, मर्यादेत बसल्या. उपाशी पोटीच्या स्टडीत इंटरव्हल ९७ ते ११० आला. मग लाखभर गोळ्यांच्या एक्झिबिट बॅचेस, ४० डिग्री आणि ७५% आर्द्रतेला सहा महिने स्टॅबिलिटी, आणि अर्ज एफडीएकडे गेला.

यातली सोन्यासारखी गोष्ट कुठली? एचपीएमसी नाही, क्यूबीडी नाही. "तसंच मोठ्या स्टडीत जाऊया" असं चाललेलं असताना तिच्या डेटामुळे कंपनीने थांबून गोळी बदलायचं ठरवलं, हे खरं काम. पिव्होटल स्टडी ही या प्रवासातली खूप महागडी पायरी असते आणि ती फेल गेली की पैसे जातातच, पण फाइलिंगची तारीखही पुढे जाते. हे नॉन-लॅब मॅनेजरला एका सेकंदात कळतं, कारण त्याच्या कामातही असेच निर्णय असतात.

मग ओळ अशी होते :

"डायबेटिसच्या दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीचं जेनेरिक, अमेरिकेसाठी. पहिल्या छोट्या मानवी चाचणीत गोळी औषध लवकर सोडत होती आणि मंजुरीच्या मर्यादेबाहेर जात होती. नेहमीची लॅब टेस्ट हा फरक दाखवत नव्हती, म्हणून तो दाखवणारी टेस्ट तयार केली आणि मोठ्या चाचणीआधी गोळीची रचना बदलावी असं मांडलं, ते मान्य झालं. बदललेली गोळी दोन्ही मुख्य चाचण्यांत पास झाली, अर्ज दाखल झाला. माझी जबाबदारी : गोळीची रचना आणि डेटाचं विश्लेषण. चाचण्या बाहेरच्या सीआरओने केल्या."

शेवटची दोन वाक्यं कधीच सोडू नका. आपल्याकडे लॅबमध्ये सगळं "आम्ही" असतं आणि प्रोफाइलवर येताना त्याचं एकदम "मी लीड केलं" होतं. मॅनेजर इंटरव्ह्यूत पहिलं हेच उकरतो, व्हॉलंटियर कोणी घेतले, प्रोटोकॉल कोणी लिहिला, आणि तिथे अडखळलात की खरं काम पण खोटं वाटायला लागतं. आपला भाग नेमका सांगितला की तो छोटा असला तरी ठोस दिसतो.

आता हीच केस कुठल्या जागेसाठी अर्ज करताय त्यानुसार वळवा, पण तथ्य तेच ठेवून. प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी वजन टाका ते थांबायच्या निर्णयावर आणि त्यानंतर टाइमलाइन कशी बसवली यावर. रेग्युलेटरीसाठी वजन टाका नवीन टेस्ट मेथड का हवी याचं जस्टिफिकेशन कोणी लिहिलं यावर, मॉड्यूल ३ चा कुठला भाग तुमच्या हातचा आहे यावर. बिझनेस डेव्हलपमेंटला मेथडशी घेणं नसतं, त्यांना हे हवं की असं प्रॉडक्ट बाहेरून विकत घेताना किंवा लायसन्स करताना धोका कुठे लपलेला असतो हे तुम्हाला दिसतं का. पायलट बीईचा रिपोर्ट वाचून "हे पिव्होटलला अडकेल" असं सांगू शकणारा माणूस त्यांना खरंच हवा असतो.

पायरी ३ : ट्रायल लिहिताना कुठली ट्रायल ते स्पष्ट लिहा

बाहेरच्या माणसाच्या डोक्यात "क्लिनिकल ट्रायल" म्हणजे नवीन औषध पेशंटवर तपासणं. तुम्ही बीई स्टडीला नुसतं क्लिनिकल ट्रायल लिहिलंत तर तो भलतंच समजेल, आणि पुढे कळलं की ती निरोगी व्हॉलंटियरवर झालेली तुलना होती तर त्याला फसवल्यासारखं वाटेल. बीई ला बीईच म्हणा आणि पुढे अर्धं वाक्य जोडा, "ब्रँडशी बरोबरी दाखवणारी चाचणी".

नवीन औषधांवर काम केलं असेल तर फेज लिहा आणि त्या फेजचा प्रश्न काय होता ते लिहा. फेज १ म्हणजे साधारण माणसाला किती डोस झेपतो, फेज २ म्हणजे काम करतंय का आणि कुठल्या डोसला, फेज ३ म्हणजे बऱ्याच पेशंटमध्ये, आत्ताच्या उपचारापेक्षा किंवा प्लासिबोपेक्षा बरं आहे का. लॅबवाल्यांचा यात भाग बहुतेक वेळा आडून असतो, कोणी ट्रायलच्या गोळ्या आणि हुबेहूब दिसणारा प्लासिबो बनवतं, कोणी प्लाझ्मा सॅम्पल एलसी-एमएस वर तपासतं. हे कमी नाही. "दोन्ही गोळ्या रंग, आकार, वजन, चव सगळ्यात सारख्या ठेवल्या, म्हणजे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही कुठली गोळी कुठली ते कळू नये" हे वाक्य कुठल्याही मॅनेजरला कळतं, आणि ब्लाइंडिंगचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही.

ट्रायल फेल गेली असेल तर लपवायची गरज नाही, फक्त तिचा निकाल आधीच सार्वजनिक आहे ना ते बघा. "मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही, त्यानंतर कंपनीने प्रोग्रॅम थांबवला, माझ्या टीमने सॅम्पल डेटा वेळेत बंद करून दिला" असं लिहिता येतं. एक गोष्ट मात्र करू नका, मुख्य निकाल फेल असताना एखाद्या छोट्या ग्रुपमध्ये बरा आकडा दिसला म्हणून तो पुढे करणं. जाणकार वाचणारा लगेच ओळखतो.

ट्रायल सीटीआरआय वर किंवा clinicaltrials.gov वर नोंदलेली असेल तर तिचा नंबर द्या. भारतात १५ जून २००९ पासून ट्रायल सीटीआरआय वर नोंदवणं बंधनकारक आहे, त्यामुळे नंबर टाकला की मॅनेजर स्वतः उघडून बघू शकतो. तिथे जे लिहिलंय त्यापेक्षा तुमच्या प्रोफाइलवर मोठं काही असू नये, फेज, आजार, स्टेटस सगळं जुळलं पाहिजे.

पायरी ४ : पब्लिकेशनची यादी नको, तीन निवडा

अकरा पेपरची लिस्ट टाकली की नॉन-लॅब मॅनेजर एकही उघडत नाही. तीन निवडा आणि प्रत्येकाला दोन ओळी द्या, प्रश्न काय होता आणि उत्तर काय निघालं. बाकीचे ऑर्किडच्या लिंकमध्ये असू देत.

आपल्याकडे फार कॉमन पेपर असतो "स्टॅबिलिटी इंडिकेटिंग आरपी-एचपीएलसी मेथड" असल्या नावाचा, एम.फार्मच्या थिसिसमधून निघालेला. हा टाकायला लोक लाजतात, किंवा मग नाव जसंच्या तसं टाकतात. त्यापेक्षा असं लिहा : "गोळी जुनी होताना त्यात औषध किती उरलं आणि ते तुटून नवीन काय तयार झालं, हे दोन्ही एकाच टेस्टमध्ये वेगवेगळं मोजायची पद्धत." आता हे वाचून क्वालिटीचा किंवा फार्माकोव्हिजिलन्सचा मॅनेजर पण थांबतो, कारण जुन्या गोळीत काय तयार होतं हा त्याच्याही चिंतेचा विषय आहे. २०२० मध्ये अमेरिकेत मेटफॉर्मिनच्या ईआर गोळ्या एनडीएमए या अशुद्धीपायी बाजारातून परत घ्याव्या लागल्या होत्या, ती बातमी लॅबबाहेरच्यांनाही माहीत आहे. तुमचं काम खरंच अशुद्धीवर असेल तर इंटरव्ह्यूत हा धागा वापरा, नसेल तर ओढूनताणून जोडू नका.

इम्पॅक्ट फॅक्टर पहिल्या ओळीत नको, लॅबबाहेर तो आकडा चांगला की वाईट कोणालाच कळत नाही आणि तो जर्नलचा असतो, तुमच्या पेपरचा नव्हे. लेखकांच्या यादीत तुम्ही कितवे हे मात्र सांगा, आणि पहिले नसाल तर काय केलं ते सांगा : प्रयोग आखले, डेटा काढला, की लिहिलं. बरीच जर्नल्स हल्ली शेवटी प्रत्येक लेखकाची भूमिका छापतात, तिथले शब्द आणि तुमचे शब्द जुळू देत.

पेटंटबद्दल एवढंच की अर्ज आणि मंजूर पेटंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि ऑनलाइन दिसायला लागतो, म्हणून लोक "पेटंट मिळालं" लिहून मोकळे होतात. मिळालं नसेल तर "अर्ज प्रसिद्ध, सहसंशोधक" लिहा.

पायरी ५ : काय लिहायचं नाही

वरच्या केसमधले आकडे आठवा, ११८, १०९ ते १२८. ते मी तुम्हाला समजावं म्हणून दिले, प्रोफाइलवर यातला एकही जाता कामा नये. म्हणूनच तयार ओळीत फक्त "मर्यादेबाहेर" आणि "पास" आहे. फाइल न झालेल्या किंवा मंजूर न झालेल्या प्रॉडक्टचं नाव, पॉलिमरचा ग्रेड आणि टक्केवारी, फेल बॅचेसचा हिशोब, व्हेंडर, इन्स्पेक्शनमध्ये काय निघालं, हे सगळं कंपनीचं आहे आणि तुम्ही सही केलेल्या करारात बहुतेक नोकरी सोडल्यावरही लागू असतं. जेनेरिकमध्ये कोण कुठल्या मॉलिक्यूलवर काम करतंय हेच मोठं गुपित असतं, आणि प्रतिस्पर्धी कंपन्या प्रोफाइल वाचतात.

सुरक्षित भाषा म्हणजे आजाराचा गट, डोसेज फॉर्म, मार्केट आणि टप्पा. "डायबेटिस, ईआर गोळी, अमेरिका, अर्ज दाखल" एवढं साधारण चालतं, पण तेवढ्यावरूनही प्रॉडक्ट ओळखू येत असेल, म्हणजे त्या गटात दोन-तीनच गोळ्या असतील, तर "मेटाबॉलिक आजार" असं अजून सैल करा. मंजूर होऊन एफडीएच्या यादीत आलं की नाव जाहीर असतं, तरी तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते बघून मगच टाका. आणि मॅनेजर म्हणून सांगते, इंटरव्ह्यूत कोणी "हे मला सांगता येणार नाही, पण निर्णय कसा घेतला ते सांगते" म्हणालं तर माझा विश्वास वाढतो.

पायरी ६ : हेडलाइन आणि अबाउट शेवटी लिहा

लिंक्डइनच्या हेडलाइनला २२० कॅरेक्टर मिळतात, अबाउटला २६००, पण अबाउटच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात आणि बाकीचं क्लिक केल्यावर. म्हणून "मेहनती आणि ध्येयवादी संशोधक" वर त्या ओळी घालवू नका. वरच्या सायंटिस्टची हेडलाइन अशी : "जेनेरिक औषधं लॅबपासून अमेरिकन फाइलिंगपर्यंत नेली, ईआर गोळ्या, फॉर्म्युलेशन आर अँड डी, आता प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे". यात सर्चचे शब्दही आले आणि कुठे जायचंय तेही आलं. "नेली" हा शब्द तेव्हाच, जेव्हा निदान एक प्रॉडक्ट तुमच्यासमोर फाइल झालंय, नाहीतर "काम केलं".

अबाउटमध्ये एकच केस, पायरी २ मधली, आणि त्याखाली दोन ओळीत कुठली जागा शोधताय.

पायरी ७ : लॅबबाहेरच्या माणसाला वाचायला द्या

बँकेतला मित्र, सीए असलेली मावसबहीण, कोणीही, फक्त फार्माचा नको. अबाउट एकदा वाचू द्या, फोन बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा की कुठल्या आजाराचं औषध होतं, अडलं काय होतं, मी काय केलं, पुढे काय झालं. मदत करू नका, गप्प बसा.

पहिल्या ड्राफ्टला उत्तर बहुतेक वेळा येतं, "म्हणजे तू औषधाची क्वालिटी चेक करतेस ना?" याचा अर्थ मेथड दिसतेय, निर्णय दिसत नाहीये, परत पायरी २ ला जा. "तुमची गोळी फास्ट होती, तुला ते आधी कळलं, मग तुम्ही ती बदलली" असं आलं की झालं. चारपैकी "मी काय केलं" ला तो अडखळला तर तुमच्या जबाबदारीचं वाक्य धूसर आहे. आणि तो म्हणाला "अरे वा, तू औषध शोधलंस!" तर जास्त फुगलंय, तेही दुरुस्त करा.

मग तेच एका जुन्या लॅब सहकाऱ्याला दाखवा, उलट्या कारणासाठी, सोपं करताना काही चुकीचं तर झालं नाही ना. "औषध लवकर सुटतं" आणि "औषध जास्त मिळतं" यात बाहेरच्याला फरक वाटत नाही, पण आपल्या केसमध्ये एकूण औषध बरोबर होतं, फक्त वेग चुकला होता. हे त्यालाच कळेल.

आणि अर्जाचं स्टेटस बदललं, दाखलचं मंजूर झालं, की त्या आठवड्यात ती ओळ बदला आणि रिझ्युमेच्या पीडीएफमध्येही तीच बदला, कारण मॅनेजर दोन्ही शेजारी उघडून बघतो.